सव्विसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.६ : रक्त पातळ झालंय की कमी झालंय?

रानजाई

नमस्कार. मी नाशिकला असते, पहिलटकरीण आहे, सध्या २६ वा आठवडा चालू आहे. नवव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १२.१ होतं. परवाच्या रिपोर्टात १०.६ आलं. त्यापुढे ठळक अक्षरात L छापलंय आणि शेजारी 12.0 - 15.0 अशी मर्यादा दिली आहे. तो रिपोर्ट बघून सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. एका नातेवाइकांनी तर लगेच शिरेतून लोह घ्यायला सांगितलं.

माझ्या डॉक्टर म्हणाल्या, "या दिवसांत रक्त पातळ होतंच, काळजी नको, गोळी चालू ठेव." बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही. पण चार महिन्यांत दीड ग्रॅम उतरणं हे खरंच नुसतं पातळ होणं आहे का? आणि रक्त पातळ झालंय की खरंच कमी झालंय, हे ओळखतात कसं? मला दमायला होतं, पण ते तर सगळ्यांनाच होतं म्हणतात.

खडकवासलेकर

अजिबात घाबरू नका. गरोदरपणात शरीर पाणी धरून ठेवतं, दुधात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होतं. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी बायकोचं १० च्या आसपास होतं. आकडा फसवा असतो, प्रत्यक्षात काहीच कमी होत नाही. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, जळजळ होते, शौचाला काळी होते. माझं ऐकाल तर त्या बंद करा. बाळंतपणानंतर सगळं आपोआप जागेवर येतं.

शेवंताकाका

माझ्या मुलीलाही पाचव्या महिन्यात रक्त पातळ करायची गोळी चालू केली आहे, छोटी, ७५ ची. तिचंही हिमोग्लोबिन उतरलंय. त्या गोळीमुळेच असेल का? तुम्हालाही अशीच गोळी दिली आहे का? मग ती बंद करावी का?

सुमेधा_प

काका, आधी तुम्हालाच उत्तर देते, म्हणजे कुणी चुकून गोळी थांबवणार नाही. आपण दोन निराळ्या गोष्टींना "रक्त पातळ होणं" हे एकच नाव दिलंय. तुमच्या मुलीची ७५ ची गोळी बहुधा ॲस्पिरिनची आहे. ती रक्तात पाणी वाढवत नाही, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून असते. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असेल तर ती देतात. हिमोग्लोबिनच्या या घसरणीशी तिचा संबंध नाही. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

रानजाई, मी सोलापुरात तीस वर्षं पॅथॉलॉजी केली, आता निवृत्त आहे. खडकवासलेकरांची निम्मी गोष्ट बरोबर आहे, पण दुधात पाणी हा दाखला मला पटत नाही. दुधात पाणी घातलं की दूध तेवढंच राहतं. इथं घडतं ते वेगळं. अचानक पाहुणे आले की आपण वरणात पाणी वाढवतो, पण थोडी डाळही वाढवतो. डाळ वाढते, पाणी त्याहून जास्त वाढतं, म्हणून वरण पातळ लागतं. पण पातेल्यात डाळ आधीपेक्षा जास्तच असते.

हे ढोबळ आकड्यांनी मांडते. समजा गरोदर होण्याआधी तुमच्या अंगात ४ लिटर रक्त होतं, त्यात २६०० मिली द्रव आणि १४०० मिली तांबड्या पेशी. हिमोग्लोबिन १२ म्हणजे दर १०० मिली रक्तात १२ ग्रॅम, म्हणजे सगळ्या अंगात मिळून ४८० ग्रॅम. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत द्रव १२०० मिलीने वाढला आणि पेशी ३०० मिलीने वाढल्या असं धरा. आता रक्त झालं साडेपाच लिटर. पेशींसोबत हिमोग्लोबिनही वाढून साधारण ५८३ ग्रॅम झालं. ते साडेपाच लिटरमध्ये वाटा. उत्तर येतं १०.६.

म्हणजे अंगातलं हिमोग्लोबिन शंभर ग्रॅमनी वाढलं आणि रिपोर्टातला आकडा उतरला. योगायोगानं तो तुमचाच आकडा आहे. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं मी अजून म्हणत नाही, त्यासाठी रिपोर्टातले बाकीचे आकडे लागतील. पण १०.६ चा असा निरोगी अर्थ असू शकतो, एवढं यातून कळतं.

आणि L चं म्हणाल, तर ती १२ ते १५ ची मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची आहे. यंत्रात वय आणि लिंग भरलं की ती आपोआप छापली जाते. कितवा आठवडा चालू आहे हे त्या यंत्राला कुणी सांगतच नाही.

रानजाई

सुमेधाताई, तो हिशेब वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वरणाचा दाखला वाचून दाखवला, तो लगेच पटला. पण शरीर असं का करतं? पाणी आणि पेशी सारख्याच का नाही वाढत?

सुमेधा_प

पाणी वाढवणं शरीराला सोपं जातं आणि ते लवकर सुरू होतं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. नळी रुंद झाली की आतलं रक्त अपुरं पडतं, मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. सहाव्या-आठव्या आठवड्यापासूनच द्रव वाढू लागतो. पेशी मात्र अस्थिमज्जेत घडवाव्या लागतात, त्यांना लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ असा कच्चा माल लागतो, म्हणून त्या मागे राहतात. दुसऱ्या तिमाहीत हे अंतर सगळ्यात जास्त असतं. नंतर ३२-३४ आठवड्यांच्या सुमारास द्रवाची वाढ थांबल्यासारखी होते, पण पेशी शेवटपर्यंत वाढत राहतात. म्हणून पुरेसं लोह असलेल्या बाईचा आकडा शेवटी पुन्हा थोडा वर येतो.

पातळ रक्ताचा उपयोगही आहे. वारेच्या पोकळ्यांतून ते सहज फिरतं. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं, तरी पातळ रक्तातून पेशी त्या मानानं कमी जातात. उलट मधल्या महिन्यांत एखादीचं हिमोग्लोबिन उतरलंच नाही, १३-१३.५ वर ठाम राहिलं, तर मी तो रिपोर्ट बाजूला काढून ठेवायचे. त्याचा अर्थ द्रव हवा तसा वाढला नाही असाही असू शकतो. अशा बायकांत रक्तदाबाचा त्रास आणि बाळाची वाढ कमी होणं जास्त दिसतं. घरचे मात्र त्या आकड्यावर पेढे वाटायच्या तयारीत असतात.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये मिडवाइफ आहे, मूळची सांगलीची. रानजाई, जिच्या खाली ॲनिमिया धरतात ती जगाची आणि आमची रेषा सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये ज्या मर्यादा दिल्या, त्या पहिल्या तिमाहीत ११, दुसरीत १०.५ आणि तिसरीत पुन्हा ११ अशा आहेत. त्याआधी त्यांची रेषा पूर्ण नऊ महिने ११ हीच होती. दुसऱ्या तिमाहीत अर्ध्या ग्रॅमनं उतरतं हे त्यांना माहीत होतं, पण रेषा बदलली नव्हती. अमेरिकेत मात्र १९९८ च्या शिफारशींतही ११, १०.५, ११ असंच होतं. आमच्या ब्रिटनमध्ये पहिल्या तिमाहीत ११ आणि मग शेवटपर्यंत १०.५.

म्हणजे तुमचं १०.६ तिन्ही ठिकाणी रेषेच्या वरच आहे.

खडकवासलेकर

बघा, मी म्हणत होतो तेच. शिवाय १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या वायव्य भागातल्या दीड लाखांहून जास्त गरोदरपणांचा अभ्यास आला होता. त्यात ज्यांचं हिमोग्लोबिन ८.५ ते ९.५ पर्यंत उतरलं, त्यांच्या बाळांचं सरासरी वजन सगळ्यात जास्त निघालं. मग कमी असलेलंच बरं नाही का?

सुमेधा_प

तो अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. पण त्यात पाहिला होता तो पूर्ण गरोदरपणातला सगळ्यात खालचा आकडा, आणि तो का उतरला हे त्या आकड्यात नसतं. ज्यांच्यात द्रव भरपूर वाढला त्यांचा आकडा खूप उतरला आणि बाळंही छान वाढली, हा त्याचा सरळ अर्थ. लोह संपल्यामुळे जिचं ९ झालं, तिला तो अभ्यास अभय देत नाही. आणि त्यात मोजलं ते बाळाचं वजन. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईला तो किती सोसवेल, हा प्रश्न निराळा आहे.

गोळी बंद करण्याबद्दल मी स्पष्ट बोलते, ते करू नका. वरच्या हिशेबातले ३०० मिली पेशी हवेतून आलेले नाहीत. पूर्ण गरोदरपणाला मिळून साधारण १ ग्रॅम लोह लागतं, त्यातलं जवळपास निम्मं या वाढीव पेशींसाठी. बाकीचं बाळ, वार आणि रोजची झीज यांत जातं. आणि ज्या अमेरिकी मर्यादा वर आल्या, त्या मुळात लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या निरोगी युरोपीय स्त्रियांच्या रक्तावरून काढलेल्या आहेत. अशा शंभर जणींत सगळ्यात खालच्या पाच जणी जिथून सुरू होतात, तिथं रेघ मारली. गोळी न घेता त्या रेघेशी स्वतःची तुलना करणं योग्य नाही.

मोगरा_अमरावती

मी हा धागा वाचून लिहितेय, कारण माझ्याबाबतीत "पातळ झालंय" या शब्दानं घात झाला. दहाव्या आठवड्यात माझं १०.८ होतं. जिथं नाव घातलं होतं तिथं सांगितलं, गरोदरपणात एवढं चालतं. मीही निश्चिंत झाले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ८.४. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला आणि विचारलं, पहिल्याच रिपोर्टात एमसीव्ही ७३ आहे, हे कुणी बघितलं नाही का? लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन काढलं तर ६. चार पावलं चालले तरी धाप लागायची, आणि मला बर्फ खावासा वाटायचा, दिवसाला दोन-दोन ट्रे. शेवटी शिरेतून लोह दिलं, बाळ सुखरूप झालं. पण ते अठरा आठवडे वाया गेले याचं आजही वाईट वाटतं.

रानजाई, तुमचं १०.६ आणि माझं १०.८. माझा आकडा मोठा होता आणि तरी आजार मलाच होता.

सुमेधा_प

मोगरा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. तिमाहीप्रमाणे रेषा वेगळी का, याचं याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं. दहाव्या आठवड्यात द्रव नुकता वाढू लागलेला असतो. तेव्हा १०.८ चं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. ते आधीचंच घेऊन आलेलं रक्त असतं, आणि उतार तर पुढे यायचा असतो.

दुसरी खूण तुमच्या डॉक्टरांनी पकडली तीच. वरणात कितीही पाणी घातलं तरी डाळीचा दाणा लहान होत नाही. रक्त नुसतं पातळ झालं असेल तर पेशीचा आकार, म्हणजे एमसीव्ही, आणि प्रत्येक पेशीतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एमसीएच, जागेवर राहतात. गरोदरपणात एमसीव्ही थोडा वाढतोसुद्धा. तो ८० च्या खाली आला, तर पाणी हे कारण पुरत नाही. मग बहुतेक वेळा लोह कमी असतं, किंवा थॅलेसेमियाचा वारसा असतो.

पण इथं एक खाच आहे. लोह कमी पडू लागलं की आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं, आणि पेशी लहान दिसायला बराच वेळ लागतो, कारण तांबडी पेशी चार महिने जगते आणि जुन्या धडधाकट पेशी अजून फिरत असतात. बी-१२ सुद्धा कमी असेल, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते पुष्कळदा असतं, तर एक कमतरता पेशी लहान करते, दुसरी मोठी करते, आणि सरासरी अगदी साळसूद दिसते. म्हणून एमसीव्ही कमी असणं ही पक्की खूण, पण तो चांगला असणं ही पूर्ण ग्वाही नाही. त्यासाठी फेरिटिन काढतात. ३० च्या खाली असेल तर साठा रिता होतोय असं बहुतेक जण धरतात. ताप किंवा कुठला संसर्ग चालू असताना मात्र ते काढू नये, तेव्हा ते उगाच चढलेलं दिसतं.

डोंगरपाडा

मी पालघर जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. हे सगळं वाचलं, समजलंही. पण आमच्या कार्डावर रेषा एकच आहे, ११. ७ ते १०.९ आली की रोज दोन गोळ्या, महिन्यानं पुन्हा तपासायचं, आणि १ ग्रॅमसुद्धा वाढलं नाही तर पुढच्या दवाखान्यात पाठवायचं. रानजाईताई माझ्या पाड्यावर असत्या तर मी त्यांना दोन गोळ्याच दिल्या असत्या.

मला विचारायचंय ते हे. पाचव्या महिन्यात दोन गोळ्या सुरू केलेल्या बाईचं सहाव्यात वाढतच नाही. मी तिला म्हणते, तू गोळ्या फेकतेस. ती शपथ घेते की खाते. कितीदा आमची यावरून बोलाचाली झाली आहे.

सुमेधा_प

ताई, ती खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच महिन्यात तिच्या अंगात द्रवही वाढत असतो. गोळीनं पेशी वाढल्या तरी पाणी त्यांना गाठतं आणि आकडा जागेवर राहतो. २० ते २८ आठवड्यांत ९.८ चं ९.८ राहणं हेही कधी कधी गोळी लागू पडल्याचं लक्षण असतं. नियमाप्रमाणे तिला पुढे पाठवा, ते चुकीचं नाही. पण गोळ्या फेकतेस असं म्हणण्याआधी शौचाचा रंग विचारा, आणि गोळी कधी घेते ते विचारा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेणाऱ्या पुष्कळ जणी असतात, त्यात लोह नीट शोषलं जात नाही. चहाबरोबर घेतली तरी तेच.

आणि बोटाला टोचून तपासत असाल तर बोट पिळू नका. पिळलं की ऊतींतलं पाणी थेंबात मिसळतं आणि तो थेंबच पातळ होतो.

डोंगरपाडा

बोट पिळतो आम्ही. थंडीत रक्तच येत नाही. आता आधी हात कोमट पाण्यात धरायला सांगेन.

पण सगळ्यांना ११ धरून दोन गोळ्या दिल्या तर नुकसान काय? १०.६ वाली चुकून दोन खाईल, एवढंच ना? १०.५ वर आणलं तर एखादी मोगराताई सुटेल.

टेम्सकाठी

यावर आमच्याकडेही एकमत नाही. मला स्वतःला १०.५ पटतं, कारण निम्म्याहून जास्त बायकांना "तू आजारी आहेस" असं सांगितलं की खरी आजारी त्या गर्दीत हरवते. पण माझ्या हातात फेरिटिन आहे, दोन दिवसांत कळतं. तुमच्या पाड्यावर ते नाही. तिथं ११ धरणं मला चूक म्हणवत नाही. तिसऱ्या तिमाहीत आम्ही १०.५ च का ठेवतो आणि बाकीचे ११ का, यावर तर आमच्या वॉर्डातच वाद होतात.

सुमेधा_प

मी डोंगरपाडाताईंच्या बाजूची आहे, जिथं आकड्याशिवाय हातात काही नाही तिथपुरती. शहरात, जिथं पूर्ण सीबीसी छापून येते आणि तरी कुणी दुसरी ओळ वाचत नाही, तिथं रेषा ११ असो की १०.५, मोगरासारख्या बायका सुटतच राहतील.

रानजाई

आज रिपोर्ट शोधून बाकीच्या ओळी वाचल्या. एमसीव्ही ८७, एमसीएच २९. नवव्या आठवड्यात एमसीव्ही ८६ होता. डॉक्टरांना विचारून फेरिटिनही केलं, ते २२ आलंय. मला वाटलं होतं आता सगळं चांगलंच येईल. मग हे काय समजायचं?

सुमेधा_प

म्हणजे दोन्ही गोष्टी. आजचं १०.६ हे पातळ होण्याचंच आहे, त्याला ॲनिमिया म्हणता येत नाही, शिरेतून लोह घ्यायचं कारण मला दिसत नाही. पण कोठार रितं होत आलंय, आणि बाळ सगळ्यात जास्त लोह ओढतं ते शेवटच्या तिमाहीत. पुढच्या दोन महिन्यांत द्रव थांबेल आणि पेशी वाढायच्या असतील. माझ्या मघाच्या हिशेबात ३६ व्या आठवड्यात द्रव ३८५० आणि पेशी १८२० मिली झाल्या तर आकडा ११ वर येतो. लोहाअभावी पेशी १७०० वरच अडकल्या तर तो १०.५ वर राहतो. हा फरक तुमच्या कोठारावर ठरणार आहे. गोळी एकच ठेवायची की वाढवायची हे तुमच्या डॉक्टरांना फेरिटिन दाखवून ठरवा.

खडकवासलेकर

गोळ्या बंद करा हे मी लिहिलं ते मागे घेतो. बायकोचे जुने रिपोर्ट माळ्यावरून काढले. दुसऱ्या वेळी एमसीव्ही ७१ होता. सहा महिने ती "थकले" म्हणत होती आणि मी तिला पाणी वाढतं म्हणून सांगत होतो.

पारिजात_उल्हासनगर

७१ वाचून लिहिते. तुमच्या पत्नींची थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे का? माझा एमसीव्ही ६४ होता, फेरिटिन मात्र ५० च्या वर. वर्षभर लोह खाल्लं, आकडा हलला नाही. शेवटी थॅलेसेमियासाठीची एचबी-ए२ तपासणी केली आणि मी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक निघाले. मग लगेच नवऱ्याचीही तपासणी केली, कारण दोघंही असलो तर बाळाला धोका असतो. तो नव्हता. पण ही तपासणी पहिल्या तिमाहीतच व्हायला हवी होती.

खडकवासलेकर

नाही झाली. मुलं आता मोठी आहेत, त्यांचीही करून घेतो.

रानजाई

३४ वा आठवडा. डॉक्टरांनी दोन गोळ्या केल्या होत्या, कॅल्शियम रात्री आणि लोह सकाळी अशी वेळ लावून घेतली. आजचं हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ८८, फेरिटिन ३१. जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषेनं बघितलं तर मी आता ११ च्या खाली, टेम्सकाठीताईंच्या रेषेनं वर. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन आधी एमसीव्ही कुठंय ते विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ३६ व्या आठवड्यात परत करू, तोवर दोन गोळ्या चालू.

डोंगरपाडा

माझ्या कार्डावर अजून दोनच. ३६ चा आकडा इथं टाका.